पैसा अडला की घरी कोण जातं?

२५ जानेवारी २०१९ च्या सकाळी न्यू यॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे निघणारी विमानं काही काळ ठिकठिकाणी जमिनीवरच थांबवण्यात आली. हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रांत माणसं कमी पडली होती. या नियंत्रकांना महिनाभराहून अधिक काळ पगार मिळाला नव्हता आणि तरीही त्यांना कामावर यावं लागत होतं. त्यांच्यासारखे अमेरिकी केंद्र सरकारचे सुमारे आठ लाख कर्मचारी या कचाट्यात सापडले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना घरी बसवलं होतं आणि बाकीचे बिनपगारी राबत होते. कारण एकच होतं. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचं कायदेमंडळ, ते द्यायला तयार नव्हतं. या ३५ दिवसांत राष्ट्राध्यक्षांची खुर्ची हलली नाही आणि काँग्रेसच्या एकाही सदस्याचं पद गेलं नाही.

याच्या बरोबर उलट प्रसंग ११ नोव्हेंबर १९७५ ला ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे घडला होता. तिथेही सरकारच्या खर्चाचं विधेयक संसदेत अडलं होतं. मात्र सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार बंद पडण्याआधीच देशाच्या पंतप्रधानांना घरी जावं लागलं.

कायदे करणारे, ते राबवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे वेगळे असावेत, हे तत्त्व शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलं जातं. संसदीय पद्धतीत कार्यकारी मंडळ कायदेमंडळातून निघतं आणि अध्यक्षीय पद्धतीत ते वेगळं निवडून येतं, हेही बहुतेकांना पाठ असतं. पण हे दोन सांगाडे प्रत्यक्षात कसे चालतात, ते कळायला एकच जागा पाहणं पुरेसं आहे, ती म्हणजे सरकारची तिजोरी. सरकारला प्रत्येक गोष्टीसाठी पैसा लागतो आणि दोन्ही पद्धतींत तो कायदेमंडळाच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही. ही मंजुरी अडली की पुढे काय होतं, यात दोन्ही पद्धतींचा खरा फरक दिसतो.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिली गेली. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये मांडलेली सत्ताविभाजनाची कल्पना घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होती. पण तीन सत्ता तीन बंद खोल्यांत कोंडून ठेवायच्या, असा तिचा अर्थ त्यांनी घेतला नाही. जेम्स मॅडिसन यांचा युक्तिवाद असा होता की केवळ कागदावर रेषा आखून सत्ता रोखली जात नाही. प्रत्येक सत्तेच्या कामात दुसरीचा थोडा हात असला, तरच ती दुसरीला अडवू शकते. म्हणून काँग्रेसने केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते. त्याने नकाराधिकार वापरला, तर दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश बहुमताने काँग्रेस तो मोडून काढू शकते. तिजोरीतून डॉलर काढायचा, तर तसा कायदा आधी झालेला असला पाहिजे. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो, प्रतिनिधी सभागृह दोन वर्षांसाठी आणि सेनेटचा सदस्य सहा वर्षांसाठी. मतभेद झाले म्हणून यांतला कोणीही दुसऱ्याला मुदतीआधी घरी पाठवू शकत नाही. महाभियोगाची तरतूद आहे, पण ती गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, धोरणावरच्या भांडणासाठी नाही.

म्हणजे अडवण्याची शक्ती दोघांकडेही आहे, पण कोंडी फोडण्याची सक्ती कोणावरच नाही. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची बारा विधेयकं मंजूर व्हायची असतात. ती क्वचितच वेळेवर होतात, म्हणून काही आठवड्यांपुरता जुना खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव केला जातो. तोही झाला नाही, तर शटडाउन.

घटनेत शटडाउनचा उल्लेखही नाही, ही गोष्ट अमेरिकेतसुद्धा अनेकांना ठाऊक नसते. मंजुरीपेक्षा अधिक खर्च करणाऱ्या किंवा फुकट काम करून घेणाऱ्या सरकारी खात्यांना लगाम घालणारा कायदा तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण मंजुरीला उशीर झाला, तरी खाती साधारणपणे काम चालू ठेवत, कारण पैसे मागाहून मिळतील असं सगळे गृहीत धरत. १९८०-८१ मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला. मंजुरी नसेल तर काम बंद, अपवाद फक्त जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासारख्या कामांचा, असं त्यांचं मत पडलं. आज विमान नियंत्रक बिनपगारी कामावर येतो आणि कागदपत्रं तपासणारा कारकून घरी बसतो, याचं मूळ या मतात आहे. घटनेतली तरतूद तीच राहिली, पण तिच्या अर्थात झालेल्या या बदलाने काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या भांडणाची किंमत तिसऱ्यावर ढकलली.

२०१८-१९ ची कोंडी पायरीपायरीने पाहिली, तर या यंत्रणेची ताकद आणि तिची भोकं दोन्ही दिसतात. डिसेंबर २०१८ मध्ये सेनेटने भिंतीच्या निधीविना तात्पुरता ठराव मंजूर केला होता. ट्रम्प यांनी सही करायला नकार दिला आणि २२ डिसेंबरला शटडाउन सुरू झालं. ३ जानेवारीला नवं प्रतिनिधी सभागृह बसलं. त्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत होतं आणि ते भिंतीच्या विरोधात होतं. महिनाभर ओढाताण झाली. लाग्वार्डियाच्या गोंधळाच्या दिवशीच ट्रम्प यांनी तीन आठवड्यांच्या ठरावाला मान्यता दिली, आणि त्यात भिंतीसाठी पैसे नव्हते. फेब्रुवारीत काँग्रेसने मागणीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे १.३७५ अब्ज डॉलर कुंपणासाठी दिले. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे आहे, हे इथवर स्पष्ट झालं.

पण १५ फेब्रुवारी २०१९ ला, त्याच विधेयकावर सही करताना, ट्रम्प यांनी सीमेवर राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. १९७६ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन लष्करी बांधकामांचा निधी भिंतीकडे वळवायचा, असा बेत होता. जो पैसा काँग्रेसने विचारपूर्वक नाकारला, तोच काँग्रेसनेच केलेल्या दुसऱ्या एका कायद्याच्या दाराने आत आणला गेला.

काँग्रेसला हे अडवता आलं नाही, त्याचं कारण ३६ वर्षं जुनं होतं. १९७६ चा कायदा करताना काँग्रेसने आपल्या हाती लगाम ठेवला होता. दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपेल, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही, अशी ती तरतूद होती. पण १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा नावाच्या खटल्यात अशा बिनसहीच्या ठरावांची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. ज्याने कायदेशीर परिणाम होतो, त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही हवीच, असं न्यायालय म्हणालं. सत्ताविभाजनाच्या तत्त्वाला धरून हा निकाल चूक नव्हता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की आणीबाणी संपवायलाही आता ती जाहीर करणाऱ्याचीच सही लागते. २०१९ च्या मार्चमध्ये नेमकं हेच घडलं. प्रतिनिधी सभागृहाने आणीबाणी रद्द करणारा ठराव केला. सेनेटमध्ये तो ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे बारा सेनेटर विरोधात गेले. ट्रम्प यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला. २६ मार्चला प्रतिनिधी सभागृहात तो मोडण्यासाठी मतदान झालं. २४८ मतं बाजूने पडली, १८१ विरोधात. बहुमत भक्कम होतं, पण दोन तृतीयांश नव्हतं.

प्रकरण न्यायालयांत गेलं. संरक्षण खात्याचे सुमारे अडीच अब्ज डॉलर दुसऱ्या एका तरतुदीखाली भिंतीकडे वळवले जात होते. खालच्या न्यायालयाने तो खर्च थांबवला. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती बंदी उठवली आणि खटला चालू असताना खर्च करायची मुभा दिली. मूळ प्रश्नाचा निकाल लागण्याआधीच जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बदलले आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी संपवली. तोपर्यंत पैसा बऱ्याच प्रमाणात खर्च झाला होता. तीन सत्तांमधली भिंत मजबूत होती, पण तिच्यातल्या दारांची संख्या दोनशे वर्षांत वाढत गेली होती. शटडाउनचा प्रश्नही सुटला नाही. १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेलं शटडाउन ४३ दिवस चाललं आणि त्याने २०१९ चा विक्रम मोडला.

संसदीय पद्धतीची बांधणी याच्या उलट टोकाकडून होते. पंतप्रधान आणि मंत्री संसदेचे सदस्य असतात आणि खालच्या सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच पदावर राहतात. सरकारचा अर्थसंकल्प नामंजूर झाला, तर त्याचा अर्थ विश्वास गेला असा होतो. मग सरकार जातं, किंवा सभागृह बरखास्त होऊन निवडणूक होते. त्यामुळे पैसा आणि सरकार यांची फारकत होत नाही, आणि कारकुनाला बिनपगारी घरी बसावं लागत नाही.

यात एक अट दडलेली आहे. पैसा रोखण्याची ताकद आणि सरकार पाडण्याची ताकद एकाच सभागृहाकडे असली पाहिजे. ब्रिटनने ही अट भांडून मिळवली. १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा जमीनदारांवर कर बसवणारा अर्थसंकल्प लॉर्ड्सच्या सभागृहाने फेटाळला. त्यापायी १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने लॉर्ड्सच्या हातून पैशाची विधेयकं अडवण्याची ताकद गेली. ती आता फार तर एक महिना थांबवता येतात.

ऑस्ट्रेलियाने मात्र १९०१ ची घटना लिहिताना ब्रिटनकडून जबाबदार मंत्रिमंडळ घेतलं आणि अमेरिकेकडून राज्यांचं प्रतिनिधित्व करणारं ताकदवान सेनेट घेतलं. सेनेटला खर्चाच्या विधेयकात दुरुस्ती करता येत नाही, पण ते नामंजूर करता येतं. सरकार मात्र सेनेटला जबाबदार नाही. ही दोन चाकं एकमेकांत अडकू शकतात, याची चर्चा घटना लिहितानाच झाली होती. ती अडकायला ७४ वर्षं लागली.

१९७५ मध्ये गॉफ व्हिटलॅम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारकडे प्रतिनिधी सभागृहात बहुमत होतं, सेनेटमध्ये नव्हतं. त्यातच मजूर पक्षाच्या एका सेनेटरचं निधन झालं. रिकाम्या जागी त्याच पक्षाचा माणूस नेमण्याचा संकेत होता, पण क्वीन्सलंडच्या राज्य सरकारने व्हिटलॅम यांना विरोध करणाऱ्याला पाठवलं. ऑक्टोबरमध्ये विरोधी नेते माल्कम फ्रेझर यांनी जाहीर केलं की सरकार निवडणुकीला तयार होईपर्यंत सेनेट खर्चाची विधेयकं मंजूर करणार नाही. विधेयकं फेटाळली नाहीत, नुसती लांबणीवर टाकली. तिजोरी नोव्हेंबरअखेर रिकामी होण्याच्या बेतात होती. पंतप्रधान हटायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मते सरकार ठरवण्याचा हक्क फक्त खालच्या सभागृहाचा होता. घटनेच्या संकेतांनुसार त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सेनेटकडेही घटनेच्या शब्दांचा आधार होता.

११ नोव्हेंबरला व्हिटलॅम अर्ध्या सेनेटच्या निवडणुकीची शिफारस घेऊन गव्हर्नर जनरल सर जॉन केर यांच्याकडे गेले. केर यांनी त्यांना बडतर्फीचं पत्र हातात दिलं. फ्रेझर त्याच इमारतीत दुसऱ्या खोलीत बसलेले होते. खर्चाची विधेयकं मंजूर करून घ्यायची आणि निवडणूक घ्यायची, या अटीवर त्यांना काळजीवाहू पंतप्रधान नेमण्यात आलं. दुपारी सेनेटमध्ये विधेयकं काही मिनिटांत मंजूर झाली. मजूर पक्षाच्या सेनेटरांना आपलं सरकार गेलंय हे तेव्हा ठाऊकही नव्हतं. विरोधक नमले, असं समजून त्यांनीही बाजूने मत दिलं. त्यानंतर प्रतिनिधी सभागृहाने फ्रेझर यांच्यावर ६४ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. हा ठराव घेऊन सभापती केर यांना भेटायला गेले, तर त्यांना ताटकळत ठेवण्यात आलं. तेवढ्या वेळात पावणेपाचच्या सुमाराला संसद बरखास्त झाल्याची घोषणा संसदेच्या पायऱ्यांवर वाचली गेली. १३ डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर मोठ्या बहुमताने जिंकले.

केर यांच्या कृतीवर ऑस्ट्रेलियात आजही वाद होतो. मतदारांनी फ्रेझर यांना निवडलं, म्हणून केर बरोबर ठरत नाहीत. बहुमत असलेल्या पंतप्रधानाला पूर्वसूचना न देता काढणं आणि मग त्या बहुमताचा ठराव ऐकायलाही नकार देणं, यात संसदीय पद्धतीचा कणाच मोडला गेला. पण कोंडीचा भार सामान्य माणसावर पडला नाही आणि महिन्याभरात मतदारांना कौल द्यायची संधी मिळाली, हेही खरं आहे. १९७७ मध्ये सार्वमत घेऊन सेनेटची रिकामी जागा त्याच पक्षाच्या व्यक्तीने भरण्याची सक्ती घटनेत घालण्यात आली. सेनेटचा खर्च रोखण्याचा अधिकार मात्र तसाच ठेवला.

भारताने यांतला कोणता रस्ता धरला, याचं स्पष्टीकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना दिलं आहे. त्यांचा मुद्दा असा होता की लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळात स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही हवीत, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी अधिक. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक काळाने मतदार घेतात. संसदीय पद्धतीत तो रोज घेतला जातो: प्रश्न, ठराव, चर्चा आणि अविश्वास प्रस्ताव यांच्या वाटेने. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुढच्याच महिन्यात के. टी. शाह यांनी तिन्ही सत्तांचं पूर्ण विभाजन करणारी दुरुस्ती सुचवली, आणि ती स्वीकारली गेली नाही.

तिजोरीच्या बाबतीत भारताने ऑस्ट्रेलियाची चूक टाळली. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त १४ दिवस मिळतात आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. मंत्रालयांच्या अनुदान मागण्यांवर मत फक्त लोकसभाच देते. महाराष्ट्रातही विधान परिषदेची स्थिती हीच आहे. न्यायाधीशांचे आणि महालेखापालांचे पगार मतदानाच्या बाहेर ठेवले आहेत, त्यामुळे नाराज बहुमताला न्यायाधीशाचा पगार कापता येत नाही.

ही बांधणी किती भक्कम आहे, ते १९९९ मध्ये दिसलं. १७ एप्रिलला अटलबिहारी वाजपेयी यांचं सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी, म्हणजे एका मताने पडलं. अर्थसंकल्प तेव्हा पूर्ण मंजूर झालेला नव्हता. पुढच्या काही दिवसांत सगळ्या पक्षांनी मिळून तो चर्चेविना मंजूर केला आणि मग लोकसभा बरखास्त झाली. सरकार गेलं, पण कोणाचा पगार थांबला नाही.

रोजच्या हिशेबाचं सर्वात बारीक हत्यार म्हणजे कपात सूचना. एखाद्या खात्याचं धोरणच पटत नसेल, तर त्याची मागणी एक रुपयावर आणावी, अशी सूचना खासदार देऊ शकतो. ठोस काटकसर सुचवायची तर तेवढी रक्कम कमी करायची मागणी करतो, आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची तर शंभर रुपयांची कपात सुचवतो. सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वास समजला जातो. एप्रिल २०१० मध्ये महागाईच्या प्रश्नावर मनमोहन सिंग सरकारविरुद्ध कपात सूचनांवर मतदान झालं तेव्हा त्या २०१ विरुद्ध २८९ मतांनी पडल्या, पण त्याआधी सरकारला बाहेरच्या पक्षांची जुळवाजुळव करावी लागली होती. हिशेब असा घेतला जातो.

मग आज तो इतका दुबळा का वाटतो? बहुमताची एकपक्षीय सरकारं आली, एवढंच त्याचं कारण नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तिच्यानुसार पक्षाचा व्हिप मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, आणि हा व्हिप कोणत्याही मतदानासाठी काढता येतो. अविश्वास ठरावाला तो लागतोच, पण पाणीपुरवठा किंवा शेती खात्याच्या मागणीवरच्या मतालाही लागतो. आमदारांच्या घाऊक फोडाफोडीवर उपाय म्हणून हे कलम आलं. ती फोडाफोडी थांबली नाही, हे महाराष्ट्राला २०२२ नंतर वेगळं सांगायला नको. पण सत्ताधारी बाकावरच्या सदस्याने आपल्याच सरकारच्या खर्चावर प्रश्न उभा करून मत देण्याची वाट मात्र बंद झाली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी ब्रेक्झिटच्या प्रश्नावर आपल्याच पंतप्रधानाविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं, पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली. भारतात ती धोक्यात आली असती.

मत ठरलेलंच असेल, तर चर्चेचा वेळही आक्रसतो. ठरलेली मुदत संपली की चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकल्या जातात, त्याला संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये लोकसभेतल्या गदारोळात सर्व मंत्रालयांच्या मागण्या अशा चर्चेविना मंजूर झाल्या. स्थायी समित्या या मागण्या आधी तपासतात आणि त्यांचं काम अनेकदा कसोशीचं असतं, पण त्यांचा अहवाल केवळ सल्ला असतो.

धन विधेयकाच्या व्याख्येतूनही एक भोक पडलं. मार्च २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून आणला गेला. राज्यसभेत तेव्हा सरकारकडे बहुमत नव्हतं. तिने पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा निकालात हे विधेयक धन विधेयक म्हणून मान्य केलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी निकालात याला संविधानाची फसवणूक म्हटलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात पाच न्यायाधीशांनी त्या बहुमताच्या तर्कावर शंका घेऊन धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. अमेरिकेत आणीबाणीच्या कायद्याने जे केलं, तेच इथे एका व्याख्येने केलं: ज्या सभागृहात अडचण आहे त्याला वळसा.

राज्यांत गोष्ट आणखी ढिली आहे. अर्थसंकल्पानंतर वर्षभरात लागणाऱ्या जादा खर्चासाठी पुरवणी मागण्या असतात. अचानक आलेल्या गरजांसाठी ही सोय आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात मांडलेल्या पुरवणी मागण्या सुमारे ९४ हजार ९०० कोटी रुपयांच्या होत्या. वर्ष सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. एवढी रक्कम पुरवणीत येते, तेव्हा अर्थसंकल्पाची चर्चा नेमकी कशावर झाली, हा प्रश्न प्रत्येक आमदाराने विचारायला हवा. महालेखापाल खर्चाचा हिशेब तपासतात आणि विधिमंडळाची लोकलेखा समिती त्यांचा अहवाल वाचते, पण ही तपासणी पैसा खर्च झाल्यानंतरची आहे.

दोन पद्धती शेजारी ठेवल्या की भारताच्या दुखण्यावर अध्यक्षीय पद्धत हा उपाय नाही, हे स्पष्ट दिसतं. अमेरिकेत काँग्रेस तिजोरी खरोखर रोखते, पण तिची शिक्षा विमान नियंत्रकाला होते, आणि हट्टी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या दाराने पैसा काढतो. आंबेडकरांनी निवडलेला रोजचा हिशेब अजूनही अधिक चांगला आहे. त्याला फक्त हिशेब घेणारे मोकळे हवेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहन खटल्यात दहावी अनुसूची वैध ठरवतानाच सांगितलं होतं की सदस्यत्व घालवू शकणारा व्हिप विश्वास-अविश्वासाच्या मतापुरता आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाच्या प्रश्नांपुरता मर्यादित असावा. त्याआधी दोन वर्षं निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीनेही तशीच शिफारस केली होती. हा बदल संसदेने घटनादुरुस्ती करूनच करायचा आहे. काँग्रेस, जनता दल, भाजप अशा सगळ्या पक्षांची सरकारं त्यानंतर आली आणि गेली, पण तो झालेला नाही. एखाद्या खात्याच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवून व्हिपविरुद्ध मत देणाऱ्या सत्ताधारी खासदाराचं पद आजही जाऊ शकतं.